इअरबडची सिलिकॉन टिप न फाडता कशी काढायची

इअरबडची टिप फाटते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: आपण ती छत्रीला, म्हणजे कानात बसणाऱ्या बाहेरच्या पातळ भागाला, धरून ओढतो. हाताला सहज लागतो तो तेवढाच भाग. मऊ असतो, ओढला की लांबतो, आणि लांबतोय म्हणजे निघतोय असं वाटतं. आत नॉझलवर, म्हणजे बडमधून बाहेर आलेल्या आखूड नळकांड्यावर, बसलेली टिपेची नळी तोवर जागची हललेलीही नसते. मग एकदम ‘टप्’ होतं, छत्री हातात येते आणि नळीचा तुकडा नॉझलवर चिकटून राहतो. आता तर धरायलाही काही उरलेलं नसतं.

हे सगळं टाळता येतं. त्यासाठी हत्यार लागत नाही, जोरही लागत नाही. जोर कुठून आणि कोणत्या दिशेने लावायचा, एवढंच कळावं लागतं. पहिल्यांदाच टिप काढणाऱ्याने खालचं सगळं एकदा वाचून मग बड हातात घ्यावेत.

आधी डब्यातली मोकळी टिप बघा

बडबरोबर डब्यात लहान-मोठ्या मापाच्या जास्तीच्या टिपा येतात. बहुतेकांच्या त्या पिशवी न फोडताच कपाटात पडून असतात. त्यातली एक बाहेर काढा आणि उलटसुलट करून बघा. नॉझलवर बसलेल्या टिपेत आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही, पण ही मोकळी टिप ते सगळं दाखवते.

बाहेर पातळ, गोलसर छत्री असते. ती कानाच्या भोकात बसते. आत मधोमध एक जाडसर नळी असते. नॉझलवर चढते ती ही नळी. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की छत्री आणि नळी फक्त पुढच्या टोकाला जोडलेल्या असतात, म्हणजे कानात जे टोक आधी जातं तिथे. मागे छत्रीची कड मोकळी असते. नळीचं मागचं टोक बडच्या अंगाला टेकलेलं असतं आणि छत्रीखाली झाकलेलं असतं.

आता नॉझल. बडमधून बाहेर आलेलं हे आखूड नळकांडं, तोंडाशी बारीक जाळी असलेलं. नीट पाहिलं तर तोंडाजवळ त्याला किंचित उंच कड असते आणि कडेच्या मागे खाच. नळीचं मागचं टोक त्या खाचेत जाऊन बसतं, म्हणून चालताना-धावताना टिप निघत नाही. टिप काढणं म्हणजे नळीचं हे टोक खाचेतून उचलून कडेवरून पलीकडे नेणं. बाकीची नळी कडेवरून आपोआप घसरते.

मोकळ्या टिपेवरून आणखी एक गोष्ट कळते ती म्हणजे प्रकार. मागून बघितल्यावर भोक गोल दिसलं आणि सगळं मऊ सिलिकॉनच असेल, तर तुमची टिप साध्या प्रकारची. भोक लांबट असेल तर नॉझलही लांबट आहे, म्हणजे टिप फिरवायची नाही. आणि भोकाच्या आत टणक प्लास्टिकची कडी बोटाला लागत असेल, तर ती खटका लागून बसणारी टिप आहे. ती काढायची रीत जरा वेगळी आहे, पुढे सांगतो. आधी साधी, गोल नॉझलची टिप घेऊ, कारण रोजच्या वापरातल्या बऱ्याच बडांना तीच असते.

ओढलं की ती अजून घट्ट का होते

सायकलच्या हँडलवरची रबरी मूठ कधी काढली असेल तर हे लगेच पटेल. मुठीचं बाहेरचं टोक धरून ओढत बसलं की ती हलत नाही. आतल्या टोकाकडून बाहेर ढकलली की सरकते. रबराची नळी लांबीत ताणली की तिचा घेर कमी होतो आणि ती आतल्या दांड्याला आणखी आवळून बसते. मागून पुढे ढकलली की ती आखूड होते, घेर किंचित वाढतो आणि पकड सुटते.

टिपेचंही हेच. छत्री नळीला पुढच्या टोकाशी जोडलेली आहे, म्हणून छत्री ओढली की ताण पुढून बसतो, नळी लांब आणि बारीक होते, आणि खाचेतलं मागचं टोक सुटायच्या ऐवजी तिथेच रुतून बसतं. सगळा भार छत्री आणि नळीच्या सांध्यावर येतो. सिलिकॉन तिथे बहुधा पातळ असतं.

सिलिकॉनचा दुसरा गुण असा की ते भरपूर ताणलं जातं, पण एकदा बारीकशी चीर पडली की ती चीर फार सहज पुढे धावते. कड अखंड असेल तर टिप बराच ताण सोसते. तीच कड नखाने जराशी कातरली गेली, तर थोड्या ओढीतही फाटत जाते. म्हणून या कामात चिमटा, सुई, ब्लेड, सेफ्टी पिन यांतलं काहीही टिपेच्या कडेला लावायचं नाही. नखंसुद्धा कापून घेतलेली बरी. सगळं काम बोटांच्या पेरांनी करायचं आहे.

तयारी

बड फोनपासून तोडा, म्हणजे फोनचं ब्लूटूथ बंद करा. बडच्या पाठीवर स्पर्शाचं बटण असतं आणि टिपेशी झटापट करताना ते दहा वेळा दाबलं जातं. मधेच गाणं सुरू झालं तर ठीक, पण शेवटचा नंबर परत लागून समोरून ‘हॅलो, हॅलो’ ऐकू यायला लागलं की धांदल उडते.

टेबलावर पांढरा रुमाल किंवा कागद पसरा. काळ्या टिपेचा तिळाएवढा तुकडा पडला तरी त्यावर दिसतो. हात साबणाने धुऊन अगदी कोरडे करा. हाताला क्रीम, तेल किंवा घाम असेल तर सिलिकॉन बोटातून निसटतं, आणि निसटलं की आपण नकळत नख लावतो.

मग उजेडात टिपेची मागची कड एकदा फिरवून बघा. आधीच कुठे चीर आहे का? असेल तर ती जागा लक्षात ठेवा. उचलायला सुरुवात तिच्या बरोबर समोरच्या बाजूने करायची, चिरेच्या बाजूने नाही.

टिप बरेच महिने काढलेली नसेल, तर नळी आणि नॉझल यांच्यामध्ये घाम, कानातला मळ आणि धूळ यांचा चिकट थर बसलेला असतो. खोली थंड असेल तर हा मेणचट मळ कडक असतो. बड दोन-चार मिनिटं बंद मुठीत धरून ठेवला की तो पुरेसा मऊ होतो. तळहाताची ऊब भरपूर झाली. हेअर ड्रायर, गरम पाणी, कुकरच्या झाकणावर ठेवणं असले प्रयोग करू नका. सिलिकॉनला त्या उष्णतेने काही होत नाही, ते त्याहून कितीतरी जास्त तापमान सोसतं. पण बडच्या पोटात बॅटरी आहे आणि त्याचे भाग डिंकाने चिकटवलेले आहेत, ते सोसत नाहीत.

प्रत्यक्ष काढताना

डाव्या हातात बड धरा. (डावखुऱ्यांनी हात उलटे घ्यावेत.) धरायचं ते बडचं गोल, भरीव अंग. खाली लोंबणारी दांडी असेल तर तिला धरू नका. टिप उपसताना दांडीवर तरफेसारखा जोर येतो आणि ती सांध्यातून तडकू शकते. नॉझलचं तोंड खाली जमिनीकडे करा. टिप सुटताना मळाचे जे कण पडतात ते असे रुमालावर पडतात. तोंड वर असेल तर तेच कण जाळीत जाऊन बसतात.

आता छत्री उलटी करा. तिची मोकळी कड दोन बोटांनी धरून पुढे दुमडा, जशी मोजा काढताना वरची बाजू उलटी होते तशी नाही, तर पूर्ण पुढे, नॉझलच्या तोंडापलीकडे. ती पातळ असल्याने विरोध करत नाही. छत्री पुढे गेली की मागे लपलेली नळी उघडी पडते, आणि जिथे काम करायचं ती जागा पहिल्यांदाच डोळ्यांना दिसते: नळीचं मागचं टोक आणि बडचं अंग यांच्यामधली बारीक रेघ.

दुसरी गोष्ट, चिकटलेला थर मोडायचा. अंगठा आणि तर्जनीची पेरं नळीवर, तिच्या मुळाशी, ठेवा. अलगद दाबून नळी थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे फिरवा, पाव फेरीपेक्षाही कमी. पहिल्यांदा ती हलणार नाही, मग एका क्षणी किंचित ‘सुटल्यासारखी’ वाटेल आणि नॉझलवर फिरायला लागेल. तेवढं पुरे. हे फक्त गोल नॉझलला. फिरवताना टिपेबरोबर धातूचं नॉझलच फिरतंय असं दिसलं तर लगेच थांबा. काही वायरच्या इअरफोनना आट्यांनी बसवलेली नॉझल असतात, ती उघडली जातील.

तिसरी गोष्ट, हीच मुख्य. अंगठ्याचं पेर नळीच्या एका बाजूला मुळाशी टेकवा आणि बाहेरच्या दिशेने, म्हणजे नॉझलच्या तोंडाकडे, ढकला. ओढायचं नाही, ढकलायचं. अंगठ्याखाली सिलिकॉनची बारीक वळी उठते आणि मागचं टोक खाचेतून वर येतं. तसंच दाबून धरून ते नॉझलच्या उंच कडेवर चढवा. आता एका बाजूने टिप कडेवर आहे, बाकीची अजून खाचेत.

इथे घाई होते. एक बाजू सुटली की उरलेली ओढून काढावीशी वाटते. त्याऐवजी बड बोटांत थोडा वळवा आणि चढलेल्या भागाच्या शेजारी अंगठा ठेवून तेच करा. ढकला, वळी उठू द्या, कडेवर चढवा. असं अर्धा घेर चढला की उरलेला अर्धा फारसा विरोध करत नाही. आता नळीला मुळाशी धरून, सरळ रेषेत, पुढे सरकवा. टिप अख्खी हातात येईल.

ताण जास्त होतोय हे कळायची खूण रंगात आहे. सिलिकॉन फार ताणलं की पातळ होतं आणि तेवढी जागा भोवतालपेक्षा फिकी दिसायला लागते. तशी फिकी पट्टी दिसली की हात सैल सोडा, टिप पुन्हा जागेवर बसू द्या आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात करा. ‘आता निघतच आलीय’ म्हणून त्याच जागी आणखी रेटलं की ती हमखास फाटते.

हलतच नसेल तर

बोटं निसटत असतील तर धुतलेल्या सुती रुमालाचा एक पदर नळीभोवती घ्या आणि त्यावरून ढकला. भांडी घासायच्या रबरी हातमोज्याची बोटं त्याहून चांगली पकड देतात. या दोन उपायांनी बहुतेक हट्टी टिपा निघतात.

तरीही नाही निघाली, तर मळाचा थर सुकून गोंदासारखा झालेला असतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सर्किट पुसायला जे आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, ते इथे कामाला येतं. कापसाच्या काडीचं टोक त्यात बुडवा, मग टिशू पेपरवर दाबून जवळजवळ कोरडं करा, आणि नळीच्या मुळाशी त्या बारीक रेघेवर गोल फिरवा. नॉझल खालीच ठेवा. एखादं मिनिट थांबून नळी पुन्हा डावी-उजवी फिरवून बघा. काडीतून थेंब गळता कामा नये, कारण माइकची भोकं जवळच असतात आणि जाळीच्या मागे स्पीकरचा पडदा असतो.

घरातल्या बाटल्यांपैकी काय वापरू नये तेही सांगतो, कारण हात आधी तिकडेच जातो. हँड सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन आणि सुवास असतो, ते वाळल्यावर आणखी चिकट होतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोन बडचं प्लास्टिक पांढरं पाडतं आणि विरघळवतं. आणि खोबरेल तेल! अडकलेली अंगठी तेलाने निघते, मग टिप का नाही, असं वाटणं साहजिक आहे. टिप निघेलही. पण तेल जाळीत उतरलं की आवाज बसतो, सिलिकॉनमध्ये मुरलं की ते फुगतं आणि सैल होतं, आणि नॉझलवर राहिलं की नवी टिप तिथे टिकत नाही. ती मग कानातच राहायची भीती.

मुळाशी दोरा किंवा दात साफ करायचा फ्लॉस गुंडाळून ओढायची युक्तीही काही जण सांगतात. बारीक दोरा ताणला की सिलिकॉनमध्ये रुततो आणि कड कापतो. मी ती सुचवणार नाही.

खटका लागणाऱ्या टिपा

अॅपलच्या एअरपॉड्स प्रोसारख्या बडांना उंच कडेचं नॉझल नसतंच. टिपेच्या बुडाला टणक प्लास्टिकची लांबट कडी असते आणि ती बडमध्ये खटका होऊन बसते. इथे सिलिकॉन ताणून काहीच सुटत नाही, सुटायची असते ती प्लास्टिकची कडी. छत्री ओढली तर उलट सिलिकॉन कडीपासून वेगळं होऊ शकतं, आणि कडी बडमध्येच राहते.

अशी टिप फिरवायची नाही. छत्री पुढे दुमडून बोटं थेट बुडाशी न्या, जिथे टणकपणा लागतो तिथे दोन्ही बाजूंनी घट्ट पकडा आणि सरळ बाहेर ओढा. इथे ढकलणं नाही, ओढणंच आहे, आणि पहिल्यांदा जितकी लागेल असं वाटतं त्याहून जरा जास्तच ताकद लागते. पण ती कडीवर लागली पाहिजे, सिलिकॉनवर नाही. किंचित एका टोकाकडे कलतं ओढलं तर एक बाजू आधी सुटते आणि दुसरी मागोमाग.

अशा टिपा नव्या असतानाही फाटू शकतात. जुलै २०२४ मध्ये सॅमसंगचे गॅलक्सी बड्स३ प्रो बाजारात येत असताना टिप काढताना ती फाटल्याच्या तक्रारी सुरुवातीच्या ग्राहकांकडून आल्या आणि कंपनीने दर्जा तपासण्यासाठी या बडांची रवानगी काही काळ थांबवली होती. तेव्हा नव्या बडची टिप नीट मुळाशी धरूनही फाटली, तर गुपचूप दुसरी लावून मोकळे होऊ नका. फोटो काढा, बिल शोधा आणि कंपनीच्या सेवा केंद्राला कळवा.

आत काही राहिलं का, हे कसं ओळखायचं

टिप निघाली की लगेच धुवायला घेऊ नका. आधी ती डब्यातल्या मोकळ्या टिपेशेजारी ठेवा. नळीचं मागचं टोक गोल, सरळ आणि एकाच जाडीचं दिसतंय ना? कुठे करवतीसारखी, दातेरी कड दिसली, किंवा नळी मोकळ्या टिपेपेक्षा आखूड वाटली, तर तेवढा तुकडा नॉझलवर आहे. काही टिपांमध्ये नळी एका रंगाची आणि छत्री दुसऱ्या रंगाची असते, तिथे हे चटकन कळतं. काळ्या बडवरच्या काळ्या टिपेत मात्र डोळे फसतात. फोनचा टॉर्च बाजूने, तिरका मारा. सिलिकॉन मंद चमकतं, प्लास्टिक वेगळं चमकतं. शंका असेल तर कापसाची कोरडी काडी खाचेतून फिरवा. काडी एखाद्या जागी अडखळली तर तिथे काहीतरी आहे.

जाळीही बघा. काही बडांची जाळी नुसती चिकटवलेली असते आणि मळाने टिपेला चिकटून तिच्याबरोबर बाहेर येते. नॉझलच्या तोंडाशी जाळीऐवजी उघडं भोक दिसलं तर ती टिपेच्या आत शोधा, फेकून देऊ नका.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या बडमध्ये हे सगळं एकत्र बघायला मिळालं. “उजव्या कानातून आवाज अगदी बारीक येतोय रे, आणि परागने टिप काढायला घेतली तर तिचा वरचा भागच हातात आला,” म्हणाल्या. बड पांढरे, नॉझल गोल, टिपा राखाडी. डावी टिप वरच्याच पद्धतीने निघाली. उजव्या बाजूला छत्री नव्हतीच. नॉझलवर नळीचं मागचं अर्धं, बांगडीसारखं अडकलेलं होतं आणि त्याची वरची कड दातेरी होती.

अशी बांगडी काढायला दात कोरायची लाकडी काडी वापरावी, पण तिचं टोक नाही. टोक मोडून, ते बोथट, चपटं करून घ्यायचं. काडी नॉझलला समांतर, जवळजवळ आडवी धरली आणि बांगडीच्या मागच्या कडेला, बडच्या अंगाच्या बाजूने, टेकवली. उचकटायचं नाही, मागून पुढे लोटायचं, तत्त्व तेच. एक बाजू कडेवर चढली की तिच्यावर डाव्या अंगठ्याने दाब द्यायचा, नाहीतर ती परत खाचेत घसरते. मग काडी शेजारी नेऊन पुन्हा लोटायची. बांगडी गुंडाळत गुंडाळत वर आली आणि सुटली.

ती आणि फाटलेली छत्री रुमालावर जोडून ठेवल्यावर एका बाजूला त्रिकोणी फट राहिली. म्हणजे एक तुकडा अजून गायब. तो खाचेत नव्हता, जाळीवर, मळात रुतून बसला होता, आणि आवाज कमी व्हायचं एक कारणही तिथेच होतं. जाळीवरच्या तुकड्याला टोकदार काहीही लावलं की तो आत जातो किंवा जाळी आत दबते. नॉझल खाली धरून, लहान मुलांच्या मऊ, कोरड्या टूथब्रशने खालून वर न घासता बाजूने झटकलं. मळ भुरभुर खाली पडला आणि तुकड्याची एक कड उठली. मग सेलोटेपची बारीक पट्टी बोटावर उलटी घेऊन, चिकट बाजूने त्या कडेला टेकवून उचलली. तुकडा टेपला लागून आला. फट भरली, हिशेब पूर्ण झाला. नवी टिप लावल्यावर काकूंचा आवाजही पूर्ववत झाला. बडमधला, म्हणजे.

तुकडे जोडून बघण्याचा हा हिशेब कंटाळवाणा वाटला तरी करावा. नॉझलवर राहिलेल्या पातळ पट्टीवर नवी टिप चढवली तर ती खाचेत बसत नाही. वरून बसल्यासारखी दिसते, आणि बड कानातून काढताना मागे राहते.

परत लावण्याआधी

काढलेली टिप चांगली असेल तर साध्या पाण्याखाली धरून बोटांनी चोळा. मग कपड्याने टिपून पूर्ण वाळू द्या. नळीच्या आत पाण्याचा थेंब चिकटून राहतो, म्हणून ती उभी ठेवून वाळवावी. पावसाळ्यात रात्रभर ठेवलेलं बरं. नॉझलची खाच कोरड्या काडीने पुसून घ्या.

लावताना पुन्हा छत्री पुढे उलटी करा, नळीची एक बाजू खाचेत अडकवा आणि अंगठ्याने गोल फिरत बाकीची कडेवरून मागे दाबा. छत्री जागेवर आणण्याआधी मुळाशी बघा. नळी आणि बडचं अंग यांच्यामध्ये सगळीकडे सारखंच अंतर दिसलं पाहिजे. एका बाजूला फट जास्त असेल तर तिथे ती खाचेत गेलेली नाही. खटक्याच्या टिपेला खटका जाणवला पाहिजे. मग छत्रीला धरून एकदा हलकेच ओढून बघा. हाताला निघाली तर कानातही निघेल.

टिपेला छोटी जरी चीर दिसली तरी ती टाकून द्या. फेव्हिक्विकने जोडायचा विचार करू नका. असले गोंद सिलिकॉनला धड चिकटत नाहीत, आणि वाळलेला गोंद टणक, धारदार होतो. तो कानाच्या भोकात न्यायची वस्तू नाही. नवी टिप घेताना दुकानात बडचं मॉडेल सांगा, नुसतं ‘मीडियम’ म्हणू नका. मीडियम हे छत्रीचं माप झालं, नळीचं भोक प्रत्येक नॉझलसाठी वेगळं असतं.

आणि फाटकी टिप वापरताना छत्री कानात राहिलीच, तर आरशासमोर चिमटा घेऊन बसू नका. बाहेर लोंबत असेल आणि बोटांनी सहज धरता येत असेल तर काढा, नाहीतर तसंच उठून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. काडीने काढायला गेलं की सिलिकॉन घसरतं आणि पडद्याच्या दिशेने आत सरकतं. डॉक्टरांकडे आत बघायला दिवा आणि योग्य हत्यार असतं. जाताना दुसऱ्या बडची टिप खिशात टाकून न्या, म्हणजे आत नक्की काय आणि केवढं आहे ते त्यांना दाखवता येईल.